अकरा तालुक्यांचे वीस तालुके होतात तेव्हा

सातारा जिल्ह्यात तालुके अकरा. सातारा, कराड, वाई, फलटण, कोरेगाव, पाटण, माण, खटाव, जावळी, खंडाळा, महाबळेश्वर. पण जिल्हाभरातून गोळा झालेली एखादी यादी एक्सेलमध्ये उघडून तालुक्याच्या रकान्यावर फिल्टर लावला, तर हेच अकरा तालुके सहज पंधरा-वीस होतात. कुणी कराड लिहिलेलं असतं, कुणी कऱ्हाड. माणऐवजी दहिवडी, खटावऐवजी वडूज आणि जावळीऐवजी मेढा असतं, कारण तहसील कार्यालय त्या गावी आहे आणि बोलताना लोक तेच नाव घेतात. एखाद्याने ‘ता. पाटण’ लिहिलेलं असतं, तर एखाद्याच्या ‘वाई’नंतर एक रिकामी जागा पडलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण एक्सेलच्या लेखी ‘वाई’ आणि ‘वाई’पुढे एक स्पेस हे दोन वेगळे शब्द आहेत.

यातलं कुणीच चुकीचं लिहीत नाही, हीच यातली गंमत. कराड आणि कऱ्हाड दोन्ही रूपं चालतात. वडूजला राहणारा माणूस पत्त्यात वडूज लिहिणारच. अडचण येते ती मोजताना. कराड तालुक्यातले विद्यार्थी किती, असं `COUNTIF`ला विचारलं तर ते फक्त ‘कराड’ मोजतं आणि ‘कऱ्हाड’ सोडून देतं. आकडा कमी येतो, तरी स्क्रीनवर कुठलीही चूक दिसत नाही.

मराठी टायपिंगमुळे गुंता आणखी वाढतो. ‘कऱ्हाड’मधला तो आडवा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलं जातं, दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह येतं. कागदावर दोन्ही सारखेच छापले जातात. पण शेजारच्या सेलमध्ये `=LEN(B2)` लिहिलं तर पहिल्यासाठी उत्तर ६ येतं आणि दुसऱ्यासाठी ७. शोधताना, मोजताना हे दोन शब्द एकच धरले जातील याचा भरवसा नाही. अशी अक्षरं एकेक करून दुरुस्त करत बसायचं, की ती मुळात आतच येऊ द्यायची नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

ती अडवण्याची सोय एक्सेलमध्ये १९९७ च्या आवृत्तीपासून आहे. `Data` या टॅबवर `Data Validation` नावाचं बटण असतं. बहुतेकांच्या नजरेखालून ते रोज जातं, पण दाबणारे थोडे.

एक उदाहरण घेऊन ते कसं चालतं ते पाहू. समजा, सातारा जिल्ह्यात ठिकठिकाणी शाळा असलेल्या एका शिक्षणसंस्थेला आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्तीसाठी यादी हवी आहे. मुख्य कार्यालयातला लिपिक एक फाइल तयार करून प्रत्येक शाळेला पाठवणार, शाळेतले लिपिक ती भरून परत पाठवणार. रकाने असे: नाव, तालुका, शाळा, जन्मतारीख, बँकेचा आयएफएससी कोड आणि खाते क्रमांक. फाइल पाठवण्याआधी मुख्य कार्यालयात अर्धा तास दिला, तर परत आल्यावरचं बरंचसं निस्तरणं वाचतं.

सुरुवात तालुक्यापासून. त्याच फाइलमध्ये `Lists` नावाची दुसरी शीट घ्यायची आणि तिथे A2 ते A12 मध्ये अकरा तालुके एकाखाली एक लिहायचे. कराड की कऱ्हाड, हा वाद एकदाच इथे मिटवायचा. मग मुख्य शीटवर B2 पासून B500 पर्यंतचे सेल निवडून `Data Validation` उघडायचं, `Allow`मध्ये `List` निवडायचं आणि `Source`च्या चौकटीत हे लिहायचं:

```
=Lists!$A$2:$A$12
```

आता त्या रकान्यातल्या कुठल्याही सेलवर गेलं की उजवीकडे छोटा बाण दिसतो. तो दाबला किंवा Alt धरून खालचा बाण दाबला की अकरा नावं उघडतात. ‘दहिवडी’ टाइप करून एंटर दाबलं तर एक्सेल ते घेत नाही.

नावं `Source`च्या चौकटीतच स्वल्पविराम देऊन लिहिता येतात. पण तिथे २५५ अक्षरांची मर्यादा आहे, आणि पुढे नाव बदलायचं झालं तर प्रत्येक नियम उघडून बदलावा लागतो. ‘होय, नाही’ इतक्याच पर्यायांसाठी ती पद्धत ठीक. त्यापेक्षा मोठी यादी वेगळ्या शीटवरच बरी.

जुन्या फॉन्टमध्ये काम करणाऱ्यांची मात्र इथे पंचाईत होते. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसत असलं, तरी आत साठवलेली अक्षरं रोमन असतात, मराठीपण फक्त फॉन्टच्या आकारात असतं. ड्रॉप-डाऊन यादी स्वतःच्या ठरलेल्या फॉन्टमध्ये उघडते आणि तो बदलता येत नाही. त्यामुळे सेलमध्ये ‘कराड’ नीट दिसतं, पण बाण दाबला की निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ समोर येते. अशा कार्यालयाला आधी युनिकोडवर यावं लागतं. त्याला आडवाट नाही.

एक्सेलने नोंद नाकारली की एक इंग्रजी खिडकी येते: `This value doesn't match the data validation restrictions defined for this cell.` मेढ्याच्या शाळेतल्या लिपिकाला यातून काय चुकलं ते कळत नाही. ‘जावळी’ लिहायचं आहे हे तर त्या वाक्यात कुठेच नाही. म्हणून त्याच चौकटीतल्या `Error Alert` या टॅबवर आपला मजकूर लिहायचा: ‘तालुका यादीतूनच निवडा. दहिवडी असेल तर माण, वडूज असेल तर खटाव, मेढा असेल तर जावळी.’ दोन मिनिटांचं काम आहे, पण मुख्य कार्यालयात येणारे फोन त्यानेच कमी होतात. शेजारच्या `Input Message` टॅबवर लिहिलेली सूचना सेलवर गेल्या गेल्या दिसते, चूक होण्याआधीच. ती मोजक्या रकान्यांनाच द्यावी. प्रत्येक सेलवर पिवळी चिठ्ठी उघडायला लागली की ती वाचायची सोडून लोक माउसने बाजूला सरकवतात.

तालुक्यांची यादी आधीच ठरलेली असते. आयएफएससी कोडचं तसं नाही. देशभरातल्या बँक शाखांची यादी ड्रॉप-डाऊनमध्ये कुणी घालणार नाही. पण कोडची घडण ठरलेली आहे: एकूण ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य आणि शेवटची सहा शाखेची. सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाचव्या जागी. पासबुकावरचा शून्य इंग्रजी ओ समजून टाइप केला जातो. `MAHB0` आणि `MAHBO` यांतला फरक दिसायला क्षुल्लक, पण दुसरा कोड कुठल्याच शाखेचा नसतो आणि पैसे अडकतात.

हे अडवण्यासाठी `Allow`मध्ये `Custom` निवडून सूत्र लिहायचं. आयएफएससीचा रकाना E आहे असं धरू:

```
=AND(LEN(E2)=11,MID(E2,5,1)="0",EXACT(E2,UPPER(E2)))
```

सूत्राचे तीन तुकडे तीन गोष्टी विचारतात. लांबी ११ आहे का? पाचवं अक्षर शून्य आहे का? सगळी अक्षरं मोठ्या लिपीत आहेत का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच नोंद आत जाते. शेवटच्या सहा जागी फक्त अंकच हवेत, अशी अट घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण काही शाखांच्या कोडमध्ये तिथेही अक्षरं असतात. बरोबर कोड नाकारणारा नियम चुकीचा कोड घेणाऱ्या नियमापेक्षा लवकर बदनाम होतो. लोक तो रकानाच सोडून देतात, किंवा नियम काढून टाकायचा कसा ते शिकतात.

अशा सूत्रात एक चूक नेहमी होते. सूत्रातला `E2` म्हणजे निवडलेल्या भागातला पहिला सेल असतो, पुढच्या ओळींसाठी एक्सेल त्याचं E3, E4 असं आपोआप करून घेतं. जर E2 पासून निवड केली आणि सूत्रात मात्र E1 लिहिलं, तर प्रत्येक ओळ आपल्या वरच्या ओळीला तपासते. याची खूण अशी: पहिल्याच ओळीत बरोबर कोड नाकारला जातो, कारण तिथे शीर्षकाची परीक्षा चाललेली असते. आणि खाली कुठे तरी चुकीचा कोड आरामात आत जातो. म्हणून नियम लावल्यावर एक बरोबर आणि एक मुद्दाम चुकीची नोंद अगदी खालच्या ओळीत टाकून पाहावी.

खाते क्रमांकाच्या रकान्यात दुसरीच अडचण आहे. एक्सेल आकड्याचे १५ अंक सांभाळतं, सोळाव्यापासून पुढे शून्य करून टाकतं. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. शिवाय सुरुवातीचा शून्य तर लगेच गळतो. म्हणून हा रकाना आधीच `Text` करून ठेवावा लागतो. नोंद झाल्यावर करून उपयोग नाही, तोवर अंक गेलेले असतात.

दोन विद्यार्थ्यांचा खाते क्रमांक एकच आला तर? बहुतेक वेळा ती चूक असते. पण भावंडांना आईचं एकच खाते दिलेलं असू शकतं. इथे `Error Alert`मधला `Style` कामाला येतो. नेहमीचा प्रकार `Stop` असतो, तो नोंद घेतच नाही. `Warning` निवडला तर एक्सेल इशारा देऊन पुढे जायचं का असं विचारतं आणि ‘हो’ म्हटलं की नोंद घेतं. `Information` नुसतं सांगून मोकळं होतं. तालुका आणि आयएफएससीला `Stop` योग्य, खाते क्रमांक पुन्हा आला तर `Warning`. सूत्र F रकान्यासाठी असं:

```
=SUMPRODUCT(--($F$2:$F$500=F2))=1
```

पुष्कळ ठिकाणी यासाठी `COUNTIF` वापरलेलं दिसतं. लहान क्रमांकांना ते चालतं. पण `COUNTIF` अंकांनी भरलेला मजकूर आकडा समजून तोलतं आणि मग पुन्हा १५ अंकांचीच मर्यादा आडवी येते. शेवटचा अंक वेगळा असलेली दोन १६ अंकी खाती त्याला एकच वाटतात. वर दिलेलं सूत्र मजकूर म्हणूनच जुळवतं, त्यामुळे ते त्यात फसत नाही.

आता जन्मतारीख. हा रकाना सोपा वाटतो आणि नुकसान सगळ्यात जास्त करतो. `Allow`मध्ये `Date` घेऊन `between` ठेवायचं आणि सुरुवातीच्या व शेवटच्या चौकटीत तारखा अशा लिहायच्या:

```
=DATE(2008,1,1)
=DATE(2014,12,31)
```

यामुळे २०२१ साली जन्मलेला नववीचा विद्यार्थी आत येत नाही. ‘१५ ऑगस्ट’ असं अर्धवट लिहिलेलंही बाहेरच राहतं. पण आपल्याकडच्या अनेक संगणकांवर विंडोज बसवताना प्रदेश अमेरिका असाच राहून गेलेला असतो आणि तिथे तारखेत आधी महिना येतो. अशा संगणकावर 15/08/2011 टाइप केलं तर पंधरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल त्याला तारीख मानत नाही आणि नियम ती नोंद परत पाठवतो. ‘बरोबर तारीख टाकली तरी घेत नाही’ अशी तक्रार आली की बहुधा मूळ इथे असतं.

नाकारलेली नोंद निदान कळते. खरी फसवणूक 05/08/2011 या नोंदीत आहे. लिपिकाच्या मनात ५ ऑगस्ट असतो, त्या संगणकाच्या हिशेबात तो ८ मे होतो. दोन्ही तारखा २००८ ते २०१४ च्या मधल्याच, त्यामुळे नियम तिला बिनदिक्कत आत सोडतो. महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना जन्मलेली मुलं अशी गुपचूप बदलतात. तारीख शक्य आहे का, एवढंच नियमाला कळतं. ती खरी आहे का, हे कळत नाही. यावर उपाय दाखवण्याच्या पद्धतीत आहे. त्या रकान्याला `dd-mmm-yyyy` असं स्वरूप दिलं की टाइप केल्यावर लगेच 08-May-2011 असं दिसतं. आकड्यांत लपलेली चूक महिन्याच्या नावात उघडी पडते आणि भरणारा तिथल्या तिथे थबकतो. `Input Message`मध्ये ‘एंटर दाबल्यावर महिन्याचं नाव पाहा’ एवढं लिहिलं तर आणखी बरं. सूचना द्यायचीच झाली तर या रकान्याला द्यावी.

विद्यार्थ्याच्या नावाला मात्र कसलाही नियम लावू नये. नावात तीनच शब्द हवेत, अशी अट घालणाऱ्या फाइल फिरतात, आणि मग वडिलांचं नाव न लावणाऱ्या मुलीच्या नावात कुणी तरी टिंब टाकून जागा भरतं.

इतकं सगळं करून फाइल शाळांकडे गेली. आठ दिवसांनी परत आली, आणि तालुक्याच्या रकान्यात पुन्हा ‘दहिवडी’! हे कसं झालं?

शाळेतल्या लिपिकाकडे मागच्या वर्षीची यादी तयार होती. त्याने ती उचलली आणि इथे चिकटवली. शंभर नावं पुन्हा टाइप कोण करणार? एक्सेलचे हे नियम कीबोर्डवरून टाइप होणाऱ्या नोंदीवरच पहारा देतात. चिकटवलेला मजकूर तपासलाच जात नाही. त्यातही दुसऱ्या एक्सेल शीटमधला सेल कॉपी करून Ctrl+V केलं, तर मजकुराबरोबर त्या सेलचे नियमही येतात. तिथे नियम नसेल तर इथला पुसला जातो. बाण गायब झालेला दिसला तर समजावं की तिथे कुणी तरी चिकटवून गेलं आहे. `Paste Special`मधून फक्त `Values` चिकटवले तर नियम शाबूत राहतो, पण चुकीचं मूल्यही शाबूतच आत येतं. सूत्रातून आलेल्या उत्तरांनाही हा पहारा लागू नाही. शीटला पासवर्ड लावूनही चिकटवणं थांबत नाही, कारण भरायचे सेल उघडे ठेवावेच लागतात.

फाइल परत आली की म्हणून आधी B2 ते B500 निवडून `Data Validation`चं बटण दाबावं. काही सेलांचे नियम पुसले गेले असतील तर एक्सेल स्वतःच विचारतं की निवडीतल्या काही सेलांना नियम नाही, त्यांनाही लावायचा का? हा प्रश्न आला म्हणजे कुठे तरी चिकटवाचिकटवी झाली आहे. ‘हो’ म्हणून नियम पुन्हा पसरवायचा. मग त्याच बटणाच्या खालच्या बाणातून `Circle Invalid Data` निवडायचं. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक नोंदीभोवती लाल वर्तुळ येतं. हा क्रम उलटा केला तर उपयोग होत नाही. नियम पुसलेल्या सेलला चूक कशाला म्हणायची हेच ठाऊक नसतं, त्यामुळे ‘दहिवडी’ वर्तुळाशिवाय तशीच बसून राहते. जुन्या फाइलवर पहिल्यांदाच नियम लावतानाही हेच करावं, कारण आधीपासून भरलेल्या नोंदींकडे नियम आपणहून पाहत नाही.

याशिवाय मुख्य कार्यालयाने आपल्यासाठी एक तपासणीचा रकाना ठेवावा. त्यात एवढंच सूत्र:

```
=COUNTIF(Lists!$A$2:$A$12,B2)
```

यादीत असलेल्या तालुक्यापुढे १ येतो, नसलेल्यापुढे ०. हे साधं सूत्र असल्यामुळे चिकटवलेल्या नोंदीलाही ते सोडत नाही. फिल्टर लावून शून्यं वेगळी काढली की दुरुस्तीची यादी हातात येते. `Lists` शीट मात्र लपवून ठेवलेली बरी. नाही तर एखादा उत्साही लिपिक तिथे बारावा तालुका लिहून आपली अडचण सोडवतो.

त्या यादीला नाव देऊन वापरणाऱ्यांनी आणखी एक सापळा ओळखून ठेवावा. पुढे गरज पडेल म्हणून काही जण A2 ते A20 इतका भाग धरून त्याला नाव देतात, शेवटचे सेल रिकामे ठेवतात आणि `Source`मध्ये ते नाव लिहितात. `Ignore blank`ची खूण तर मुळातच लावलेली असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की एक्सेल त्या रकान्यात काहीही घेऊ लागतं, ‘दहिवडी’सुद्धा. बाण दिसतो, यादी उघडते, सगळं ठीक वाटतं, पण अडवलं मात्र काहीच जात नाही. त्यावर उपाय म्हणजे यादीत रिकामी ओळ ठेवायची नाही. पुढे वाढणारी यादी असेल तर ती Ctrl+T दाबून टेबल करून घ्यावी. टेबलचा पूर्ण रकाना `Source`मध्ये निवडलेला असला की खाली नवीन नाव लिहिताच ते ड्रॉप-डाऊनमध्येही येतं.

नाव वाढवणं सोपं, बदलणं तितकं नाही. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर. अशा वेळी `Lists` शीटवर नवं नाव लिहिलं की पुढच्या नोंदींसाठी ड्रॉप-डाऊन बदलतो. पण आधी निवडलेली जुनी नावं आहेत तशीच राहतात, कारण निवड करताना सेलमध्ये यादीशी धागा जोडला जात नाही, फक्त शब्द उतरवला जातो. यादी बदलल्यावर त्या रकान्यात Ctrl+H ने जुनं नाव शोधून नवं घालावं लागतं, आणि मग पुन्हा एकदा `Circle Invalid Data`.